कच्च्या लेखाला विचारायचे प्रश्न

मैत्रिणीने लेखाचा कच्चा मसुदा हातात दिला आणि ‘वाच आणि सांग’ म्हणाली, तर सांगायचं काय? पत्रकारितेच्या किंवा मराठीच्या वर्गात एकमेकांचे लेख तपासायला दिले की मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. त्यामागची खरी अडचण ती सहसा बोलून दाखवत नाहीत. विषयातलं आपल्याला फारसं कळत नाही, लिहिणारी आपल्याच बाकावरची, मग आपण तिला काय सांगणार? त्यामुळे समासात दोनच गोष्टी उमटतात : ‘छान लिहिलंय’ हा शेरा, आणि दुरुस्त केलेल्या वेलांट्या.

यात मुलांचा दोष कमी आणि त्यांना दिलेल्या प्रश्नांचा जास्त असतो. ‘मुद्दा स्पष्ट आहे का? मांडणी नीट आहे का? पुरेसा पुरावा दिला आहे का?’ असे प्रश्न कागदावर असले, तर तिन्हींपुढे ‘हो’ लिहून मोकळं होता येतं, तेही लेख न वाचता. डॉक्टर ‘बरं आहे ना?’ असं विचारत नाहीत, ‘दुखतंय तिथे बोट ठेवा’ म्हणतात. लेख तपासणाऱ्याला द्यायचे प्रश्नही याच जातीचे हवेत. ते निकाल मागत नाहीत, काम सांगतात : हे वाक्य अधोरेखित कर, या शब्दाभोवती गोल कर, हा परिच्छेद खोडून बघ आणि काय बिघडलं ते लिही. असं काम करायला विषयाचा तज्ज्ञ असावं लागत नाही. लक्ष देऊन वाचणारा माणूस असला की पुरतो.

हे प्रश्न नुसते सांगितले तर कोरडे वाटतील. म्हणून आधी एक मसुदा समोर ठेवतो आणि त्यालाच ते विचारून बघू.

१. तपासायचा मसुदा

हा मसुदा या प्रकरणासाठी रचलेला आहे. त्यातली घटना मात्र खरी आहे आणि ती महाराष्ट्रात बहुतेकांना आठवत असेल. लेखाचं नाव ‘लातूरची रेल्वे आणि आपला ऊस’. त्यात सात परिच्छेद आहेत.

पहिल्या परिच्छेदात एप्रिल २०१६ मधलं दृश्य आहे. लातूर शहराला पाणी द्यायला मिरजेहून रेल्वे निघते, तिचं नाव ‘जलदूत’. दुसऱ्या परिच्छेदात महाराष्ट्रातल्या साखर कारखानदारीचा इतिहास येतो : प्रवरानगर, विठ्ठलराव विखे पाटील, १९५०च्या सुमारास उभा राहिलेला सहकारी कारखाना. तिसऱ्या परिच्छेदात एक आकडा आहे. राज्यातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी जेमतेम ४ टक्के जमिनीवर ऊस आहे आणि तो सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी घेतो. चौथा परिच्छेद म्हणतो की एक हेक्टर उसाला जलदूतच्या आठ फेऱ्यांइतकं पाणी लागतं. पाचव्यात एक शेतकरी बोलतो : ‘शेजारी ऊस लागला आणि आमची बोअर आटली.’ सहाव्यात ठिबक सिंचनाने पाणी किती वाचतं याचं वर्णन आहे. सातव्या परिच्छेदातली शेवटची वाक्यं अशी : ‘उसामुळेच लातूरवर रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली. म्हणून मराठवाड्यात उसावर बंदी घातली पाहिजे.’

मसुदा वाईट नाही. विषय मोठा आहे, लिहिणारीला राग आहे आणि तिने आकडे शोधले आहेत. असाच मसुदा तपासायला कठीण असतो, कारण वाचणारा आधीच तिच्या बाजूने झुकलेला असतो आणि मान डोलवत शेवटापर्यंत जातो.

२. तिला म्हणायचं काय आहे?

पहिलं वाचन पेन खाली ठेवून करायचं. मग लेख पालथा घालायचा आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं : लेखिकेला काय म्हणायचं आहे ते, लेख न बघता, एका वाक्यात लिहा. मग लेख उघडून ते वाक्य लेखात कुठे आहे ते अधोरेखित करा.

समजा, तिघांनी हा मसुदा वाचला. एकाने लिहिलं, ‘उसामुळे लातूरला पाणीटंचाई झाली.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘मराठवाड्यात ऊस बंद करावा.’ तिसऱ्याने लिहिलं, ‘उसाला ठिबकने पाणी द्यावं.’ तिघंही नीट वाचणारे आहेत, आणि तरी ही तीन वेगळ्या प्रकारची विधानं आहेत. पहिलं कारण सांगतं, दुसरं धोरण मागतं आणि तिसरं उपाय सुचवतं. पहिलं खरं ठरलं तरी दुसरं आपोआप सिद्ध होत नाही. तिसरं तर दुसऱ्याच्या विरोधातच जातं. उसावर बंदीच घालायची असेल, तर त्याला ठिबक कशाला?

इथे तपासणाऱ्यांनी ‘मुद्दा अस्पष्ट आहे’ असा शेरा मारायची गरज नाही. तीन वाक्यं लेखिकेच्या हातात दिली की पुरे. अमेरिकेतले लेखनशिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात याच गोष्टीवर भर दिला होता : वाचणाऱ्याने लेखाचा न्यायनिवाडा करू नये, वाचताना आपल्या मनात काय काय घडलं ते सांगावं. ‘तुझा मुद्दा कळत नाही’ यावर लेखिका वाद घालू शकते. ‘मला तुझा मुद्दा असा कळला’ यावर वाद घालता येत नाही, कारण तो तसा कळला ही घडून गेलेली गोष्ट आहे. म्हणूनच मसुदा एकाने नव्हे, किमान दोघांनी वाचावा. एकाच्या वाक्यावरून चूक वाचणाऱ्याची की लिहिणारीची ते ठरत नाही. दोन वाक्यं वेगळी आली, की लेखात काहीतरी सैल आहे हे दिसतं.

३. ‘म्हणून’भोवती गोल

विधान सापडलं, आता त्यामागचा विचार. दुसरा प्रश्न असा : लेखातल्या प्रत्येक ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून’भोवती गोल करा. गोलाच्या अलीकडून पलीकडे जायला कोणता नियम मान्य करावा लागतो, तो समासात लिहा.

हा प्रश्न कळायला आपल्याकडचीच एक जुनी चौकट कामी येते. न्यायदर्शनात अनुमान दुसऱ्याला पटवून द्यायचं तर पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रतिज्ञा : डोंगरावर आग आहे. हेतू : कारण तिथे धूर आहे. उदाहरण : जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. उपनय : या डोंगरावरही तसाच धूर आहे. निगमन : म्हणून तिथे आग आहे. शाळेत हे सहसा कुणी शिकवत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. पाश्चात्त्य वर्गांत स्टीफन टूलमिन यांची १९५८ सालची रचना वापरतात. तीही दावा, आधार आणि दोघांना जोडणारा नियम अशीच फोड करते. पण ‘उपनय’ ही पायरी न्यायदर्शनात वेगळी, स्वतंत्र उभी आहे, आणि विद्यार्थ्यांचे लेख बहुतेक वेळा तिथेच घसरतात.

आपल्या मसुद्यात बघा. प्रतिज्ञा : लातूरची टंचाई उसामुळे झाली. हेतू : ऊस फार पाणी पितो. उदाहरण : राज्यात ४ टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचं ७० टक्के पाणी घेतो. यानंतर उपनय हवा. म्हणजे ‘लातूरला ज्या साठ्यातून पाणी मिळतं, त्या साठ्याचं पाणीही असंच उसाने संपवलं’ असं एखादं वाक्य, आणि त्याला आधार. ते लेखात कुठेच नाही. लातूर शहराला पाणी येतं ते मांजरा नदीवरच्या, बीड जिल्ह्यात धनेगावजवळ असलेल्या धरणातून. त्या धरणाचं नावही मसुद्यात येत नाही. राज्याच्या सरासरीवरून लेखिका थेट एका शहराच्या नळावर पोहोचते.

उडी चुकीच्या दिशेने गेली आहे, असं म्हणता येणार नाही. मांजराच्या खोऱ्यात ऊस आहे आणि कारखानेही आहेत. पण तिथला बराचसा ऊस विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर उभा असेल, तर त्याने भूजल उपसलं असेल. धरणाचा साठा नेमका त्यानेच रिकामा केला का, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. तपासणाऱ्याला याचं उत्तर माहीत असायची गरज नाही. ‘इथे एक पायरी कमी आहे’ एवढं दाखवलं की त्याचं काम झालं.

दुसऱ्या ‘म्हणून’जवळ तर याहून मोठी दरी आहे. ‘उसामुळे टंचाई आली, म्हणून उसावर बंदी घाला.’ हे जोडणारा नियम समासात लिहायला बसलं की तो असा निघतो : ‘ज्या पिकामुळे टंचाई येते, त्यावर बंदी घालणं हाच योग्य उपाय असतो.’ असा उघडा लिहिला की लेखिकेला स्वतःलाच तो जड वाटेल. मग दर वाढवणं, पाणी मोजून देणं, तुटीच्या वर्षी नवी लागवड थांबवणं, हे का नको? लेखात त्याचा विचार नाही.

४. समोरचा माणूस कुठे आहे?

जुन्या शास्त्रग्रंथांत स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती. विरोधकाचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा ताकदीने मांडायचं आणि मग त्याला उत्तर द्यायचं. तिसरा प्रश्न त्यावरच आहे : या लेखाला विरोध करणारा शहाणा माणूस कोण असेल? त्याचं सर्वांत बळकट वाक्य लिहा. लेखात त्याला उत्तर कुठे दिलं आहे ते दाखवा.

‘शहाणा’ हा शब्द या प्रश्नातून गाळू नये. तो गाळला की मुलं ‘साखरसम्राट’ असं लिहितात आणि त्याच्या तोंडी मूर्खासारखं वाक्य घालतात. शहाणा विरोधक म्हणजे पाच एकरवाला ऊस उत्पादक. तो म्हणेल, ‘उसाला केंद्र सरकार दर हंगामाला किमान दर ठरवून देतं, आणि कारखान्याने चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. पैसे वेळेवर येतात असं नाही, पण दर तरी आधी ठाऊक असतो. तुरीचं तसं आहे का? २०१५मध्ये तूरडाळ शहरात दोनशे रुपयांपर्यंत गेली म्हणून आम्ही तूर पेरली, आणि २०१७मध्ये ती हमीभावालाही विकेना. मी ऊस सोडून लावू काय?’

या वाक्याला मसुद्यात उत्तर नाही. दुसरा शहाणा विरोधक पावसाकडे बोट दाखवेल. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं देशभर मान्सून तुटीचा होता, सरासरीपेक्षा अनुक्रमे सुमारे १२ आणि १४ टक्के कमी. मराठवाड्यातली तूट त्याहून कितीतरी मोठी होती. तो विचारेल, ‘ऊस एकही टिपरं नसता, तर रेल्वे आली नसती का?’ हा प्रश्न लेखिकेला अडचणीत टाकणारा असला तरी तिच्या भल्याचा आहे. त्याचं उत्तर शोधताना तिला आपलं विधान बदलावं लागेल. पाऊस कमी पडला हे खरं. पण पडलेला आणि आधीचा साठा कोणासाठी, किती वेगाने संपला, हा उसाबद्दलचा खरा प्रश्न आहे. ‘उसामुळेच’ यातला शेवटचा ‘च’ पुसला, तर लेख कमजोर होईल असं तिला वाटेल. तो उलट जास्त टिकाऊ होईल.

५. परिच्छेदांची हजेरी

मांडणीसाठी लांबलचक प्रश्नावली लागत नाही. एकच काम पुरतं : प्रत्येक परिच्छेदासमोर दोन छोटी वाक्यं लिहा. हा परिच्छेद काय सांगतो? तो लेखात काय काम करतो? पहिलं वाक्य सगळे लिहितात. दुसऱ्या वाक्याशी पेन थांबलं, की तिथे मांडणीची अडचण आहे असं समजावं.

प्रवरानगरचा परिच्छेद घ्या. सांगतो काय? सहकारी साखर कारखानदारी कशी सुरू झाली. काम काय करतो? इथे बहुतेक जण ‘पार्श्वभूमी देतो’ असं लिहितात. हे उत्तर मान्य करू नये. पार्श्वभूमी कशाची? प्रवरानगर पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, लातूरपासून दूर, आणि लेखाचं विधान पाण्याबद्दलचं. परिच्छेद खोडून लेख पुन्हा वाचला तर काहीच अडत नाही. आता तोच परिच्छेद ‘ऊस मराठवाड्यात कसा पोहोचला आणि शेतकरी त्याला का चिकटून राहिला’ याकडे वळवला, तर तो पूर्वपक्षाचं काम करू लागेल. तपासणाऱ्याने हे सुचवावं का? प्रश्नाच्या रूपात सुचवायला हरकत नाही. परिच्छेद लिहून देऊ नये.

ठिबकचा परिच्छेद याहून अवघड जागी आहे. तो वाचायला चांगला आहे, पण त्यानंतर लगेच येणाऱ्या बंदीच्या मागणीला तो आतून पोखरतो. दोन्ही समोरासमोर ठेवायचे तर मध्ये एक वाक्य हवं : ठिबकने पाणी वाचत असूनही बंदीच का? असा खुलासा लेखिकेजवळ असेल तर ते वाक्य येईल. नसेल तर दोहोंतलं एक जाईल.

६. आकडा हातात घेऊन बघा

पुराव्याच्या भागात मुलं सर्वांत जास्त बिचकतात, कारण आकडा दिसला की तो कुणीतरी मोठ्या माणसाने सांगितला असणार असं वाटतं. म्हणून इथला प्रश्न ठरावीक हवा. प्रत्येक आकड्याजवळ चार गोष्टी लिहा : कशापैकी? कुठला? केव्हाचा? कोणी मोजला? जी गोष्ट लेखात नसेल तिथे रेघ मारा.

४ आणि ७० टक्क्यांची जोडी घेऊ. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालांत आणि वर्तमानपत्रांत ती अनेकदा आली आहे. ‘कुठला?’ या प्रश्नाचं उत्तर आपण पाहिलं, ती राज्याची आहे, लातूरची नाही. ‘केव्हाचा?’ आणि ‘कोणी मोजला?’ यांपुढे मसुद्यात रेघ येते. पण सगळ्यात रंजक उत्तर ‘कशापैकी?’चं आहे. ४ टक्के हे लागवडीखालच्या सगळ्या जमिनीपैकी आहेत. ७० टक्के हे फक्त सिंचनाच्या पाण्यापैकी आहेत. दोन आकडे दोन वेगळ्या पाटांवर बसले आहेत आणि लेखिका त्यांची उंची मोजते आहे.

हिशेब करून बघू. राज्यातली १०० हेक्टर जमीन घ्या. महाराष्ट्रात पाचव्या हिश्शाहूनही कमी शेती सिंचनाखाली आहे. समजा १८ हेक्टर. बाकी ८२ हेक्टरांना पावसाशिवाय काही मिळत नाही, म्हणजे सिंचनाच्या पाण्यात त्यांचा वाटा मुळातच शून्य. ऊस ४ हेक्टर, आणि तो जवळजवळ सगळा सिंचनाखालचा. मग न्याय्य तुलना ४ भागिले १८ अशी होते, म्हणजे सुमारे २२ टक्के. ‘सिंचनाखालच्या २२ टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचं ७० टक्के पाणी घेतो.’ हे वाक्यही काही लहान आरोप करत नाही. ऊस आपल्या वाट्याच्या तिप्पट पाणी घेतो, असं ते म्हणतं. पण ४ आणि ७० एकत्र ठेवल्यावर जे सतरा-अठरापटीचं चित्र उभं राहतं, ते पाटांच्या फरकातून आलेलं असतं. एखाद्या विरोधकाला हे कळलं, तर तो सगळा लेखच फेकून देईल. लेखिकेने आधीच दुरुस्त केलेलं बरं.

आता आठ फेऱ्या. इथे प्रश्न थोडा वेगळा : हिशेब स्वतः करून बघा, आणि तो बरोबर निघाला तर त्याने नेमकं काय सिद्ध होतं ते लिहा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी उभं करायला १० हजार लिटर लागतात. उसाला त्याच्या आयुष्यात साधारण दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं असं धरतात. मधला आकडा २ हजार घेतला, तर हेक्टरी २ कोटी लिटर झाले. जलदूतच्या ५० वाघिणींच्या गाडीत दर वाघिणीला सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एका फेरीला २५ लाख लिटर. २ कोटी भागिले २५ लाख, बरोबर आठ.

हिशेब जुळला. तरी दोन गोष्टी लिहिण्यासारख्या आहेत. पहिली गाडी १० वाघिणींची होती, म्हणजे ५ लाख लिटरची. तिच्या हिशेबाने चाळीस फेऱ्या होतात. म्हणून कोणती गाडी धरली ते लेखात यायला हवं. दुसरं म्हणजे, ते २ हजार मिलिमीटर सगळं काही धरणातून किंवा बोअरमधून येत नाही. लातूरकडे सरासरी वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला काही भाग पिकाला मिळतो. दुष्काळाच्या वर्षी तो भाग आटतो आणि उपसा वाढतो. हे लेखिकेच्या बाजूचंच आहे, पण तिने ते सांगितलेलं नाही.

सिद्ध काय होतं? ऊस किती पाणी पितो त्याचा आवाका डोळ्यांसमोर येतो. कारण सिद्ध होत नाही. ‘आठ फेऱ्या’ हे चित्र आहे. पुराव्याच्या जागी ठेवलं तर ते दिशाभूल करतं आणि समजावण्याच्या जागी ठेवलं तर उत्तम काम करतं. तिसऱ्या परिच्छेदाच्या आधी आणलं, तर वाचकाला पुढचे टक्के समजायला त्याची मदत होईल.

राहिला शेतकरी. त्याच्या वाक्याला विचारायचा प्रश्न असा : हा माणूस यातलं काय स्वतः पाहून सांगतो आणि काय अंदाजाने? शेजारी ऊस लागला, हे त्याने पाहिलं. बोअर आटली, हेही पाहिलं. ऊस लागला म्हणून बोअर आटली, हे त्याचं अनुमान आहे. त्याच सुमारास दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि गावात आणखी बोअर पडल्या असतील. त्याचं म्हणणं काढून टाकू नये. त्याच्या आटलेल्या बोअरची खोली, वर्ष, शेजारच्या बोअरचं अंतर एवढं त्याच्याकडूनच विचारून घेतलं, तर तो परिच्छेद एकदम वजनदार होईल. एका माणसाच्या तोंडून आख्ख्या प्रदेशाचं भूजलशास्त्र मात्र वदवून घेऊ नये.

७. शेरा कसा लिहायचा आणि लेखिकेने त्याचं काय करायचं

इतकं शोधल्यावर शेरा ‘पुरावा कमी पडतो’ असा लिहिला, तर सगळी मेहनत वाया गेली. शेऱ्यात जागा, वाचताना काय झालं ते, आणि एक प्रश्न असं तिन्ही यायला हवं. उदाहरणार्थ : ‘परिच्छेद ३. हा आकडा राज्याचा आहे, पण वाचताना मी तो लातूरचाच समजून पुढे गेलो. मांजरा धरणातलं पाणी कोणाकडे किती गेलं, हे तुला कुठे मिळेल का?’ यात कौतुक नाही आणि टोमणाही नाही, म्हणून बाकावरची मैत्री शाबूत राहते.

वेलांट्या शेवटी. कडक वाटेल, पण पहिल्या फेरीत शुद्धलेखनाला हात लावायला मी बंदी घालतो. ज्या परिच्छेदाला खोडायचं आहे, त्यातला ‘कि’ दीर्घ करून काय मिळणार? शिवाय समास वेलांट्यांनी भरला, की लेखिकेला आपला लेख तपासून झाला असं वाटतं.

लेखिकेलाही एक काम असतं. प्रत्येक शेऱ्यासमोर तिने ‘घेतला’ किंवा ‘नाही घेतला’ लिहायचं आणि नाही घेतला तर कारण द्यायचं. हे नसलं तर आज्ञाधारक मुली सगळंच बदलतात आणि हट्टी मुलगे काहीच बदलत नाहीत. सरावाचा उपयोग झाला की नाही, हे दुसरा मसुदा पहिल्याशेजारी ठेवला की कळतं. फक्त स्वल्पविराम हलले असतील, तर प्रश्न हो-नाहीचे होते. विधानाचं वाक्य, परिच्छेदांचा क्रम किंवा एखाद्या आकड्याचा पाट बदलला असेल, तर प्रश्नांनी काम केलं.

एक गोष्ट या पद्धतीने होत नाही, ती आधीच ठाऊक असलेली बरी. लेखात जे आहे त्याच्याच आधारे बाकावरचा वाचक बोलतो. आकडाच खोटा असेल, जलदूत मिरजेऐवजी दुसऱ्याच गावाहून निघाली असं लिहिलं असेल, तर दोन्ही वाचक ते वाचून पुढे जातील. त्यासाठी कोणीतरी उठून बाहेर जायला हवं. आपल्या लेखिकेला आता मांजरा धरणाचा २०१३ ते २०१६चा महिनेवार उपयुक्त साठा, त्यातून कालव्याला, शहरांना आणि कारखान्यांना दिलेलं पाणी, आणि लाभक्षेत्रातल्या उसाचं त्या वर्षांतलं क्षेत्र, एवढं शोधायचं आहे. त्यातलं पहिलं जलसंपदा विभागाकडे मागता येईल, शेवटचं कृषी विभागाकडे. मधलं मिळायला सर्वांत जास्त दिवस लागतील, आणि तिच्या ‘उसामुळेच’चा निकाल त्यावरच लागणार आहे.